पाण्याच्या पंचवीस बाटल्या

मॅरेथॉन पळून घरी आलेल्या माणसाचे डोके दुखू लागले, मळमळ सुरू झाली, पाय लटपटू लागले, की घरातल्या सगळ्यांचे निदान एकच असते: अंगातले पाणी कमी झाले. लगेच पाण्याचा तांब्या पुढे येतो. बहुतेक वेळा हे निदान बरोबर असते. पण काही वेळा नेमके उलटे घडलेले असते. अंगात पाणी कमी नाही, जास्त झालेले असते, आणि प्रेमाने दिलेला तो तांब्या आजार वाढवतो. या आजाराला आम्ही श्रमजन्य हायपोनेट्रिमिया म्हणतो. सोप्या भाषेत सांगायचे, तर दीर्घ व्यायामाच्या काळात किंवा त्यानंतर रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली जाणे.

हे कसे घडते ते समजण्यासाठी एक गोष्ट सांगतो. ती कोणा एका रुग्णाची नाही. अशा रुग्णांमध्ये जे दिसते ते जुळवून ती मांडली आहे, पण तिच्यातले गणित खरे आहे.

लालबागच्या एक बाई. वय बेचाळीस, वजन ५२ किलो, बँकेत नोकरी. दोन वर्षे शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती आणि रविवारी मरिन ड्राइव्हवर सराव करून त्या जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पहिल्यांदाच पूर्ण ४२ किलोमीटर पळायला उतरल्या. वेग बेताचा, घाई नाही, फक्त शर्यत पूर्ण करायची. मैत्रिणींनी बजावून सांगितले होते, "मुंबईची हवा दमट, घाम फार जातो. तहान लागायची वाट बघू नकोस. प्रत्येक टेबलावर पाणी घे." त्यांनी ते मनापासून पाळले. वाटेत मिळणारी २०० मिलिलिटरची छोटी बाटली प्रत्येक टेबलावर एक, कधी दोन. गोड पेये पोटाला सोसत नाहीत म्हणून फक्त साधे पाणी. गुडघा दुखू लागला तेव्हा कमरेच्या पाकिटातली आयबुप्रोफेनची गोळी घेतली.

पहाटे सीएसएमटीवरून निघालेल्या या बाई साडेपाच तासांनी परत तिथे पोहोचल्या. शेवटी पेडर रोडचा चढ चढताना थोडी मळमळ होत होती, बोटातली अंगठी घट्ट वाटत होती, घड्याळाचा पट्टा मनगटात रुतत होता. पण पदक गळ्यात पडले आणि सगळे विसरले गेले. घरी आल्यावर डोके ठणकू लागले. एक उलटी झाली. यजमानांनी सांगितले, "पाणी पी, डिहायड्रेशन झालंय." त्यांनी आणखी अर्धा लिटर पाणी प्यायले. तासाभरात त्या असंबद्ध बोलू लागल्या. आज वार कोणता, हे त्यांना सांगता येईना. तेव्हा टॅक्सीत घालून त्यांना रुग्णालयात आणले गेले.

कॅज्युअल्टीतल्या निवासी डॉक्टरने ताप पाहिला, तो नव्हता. म्हणजे उष्माघात नाही. नाडी आणि रक्तदाब ठीक. बोटातून रक्त घेऊन साखर तपासली, तीही ठीक. जीभ ओली, चेहरा आणि बोटे थोडी सुजलेली. वजन ५३.५ किलो. शर्यतीच्या आदल्या दिवशी घरच्या काट्यावर ते ५२ होते. दोन काट्यांतला फरक धरला, तरी साडेपाच तास पळून आलेल्या माणसाचे वजन वाढावे, हे लक्षण फार बोलके होते. रक्ताचा थेंब ब्लड गॅसच्या यंत्रात घातला. या यंत्रावर दोन-तीन मिनिटांत सोडियम कळते. आकडा आला १२५. निरोगी माणसात तो १३५ ते १४५ असतो.

पंधरा अंकांचा हिशेब

शुद्धीवर आल्यावर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टर, मी तर नुसतं पाणी प्यायले. पाण्यानं असं कसं होईल?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर कागदावर मांडून दाखवता येते.

५२ किलोच्या स्त्रीच्या शरीरात अंदाजे निम्मे वजन पाण्याचे, म्हणजे २६ लिटर. शर्यत सुरू होताना सोडियम १४० होते असे धरू. हा आकडा दर लिटरमागे मिलिमोलमध्ये मोजतात, पण एकक विसरले तरी चालेल. इतके लक्षात ठेवले की पुरे: तो आकडा म्हणजे मिठाचे पाण्याशी असलेले प्रमाण. मीठ कमी झाले तर तो उतरतो आणि पाणी वाढले तरी उतरतो.

बाईंच्या वेगाने पळताना ताशी साधारण ६०० मिलिलिटर घाम गेला, म्हणजे साडेपाच तासांत ३.३ लिटर. लघवीवाटे जेमतेम १०० मिलिलिटर. प्यायलेले पाणी मात्र पंचवीस बाटल्या, म्हणजे पाच लिटर. जमाखर्च मांडला तर शरीरात १.६ लिटर पाणी जास्तीचे उरले. घामातून मीठही गेले. घामातले सोडियम माणसामाणसांत बरेच बदलते. ते लिटरमागे ४० धरले, तर ३.३ लिटर घामातून पावणेआठ ग्रॅम मीठ गेले, म्हणजे दीड चमच्याच्या आसपास.

आता नवे प्रमाण काढले, तर शर्यत संपताना सोडियम १२७ येते. घरी प्यायलेल्या अर्ध्या लिटरने ते १२५ वर आणले. शरीर इतक्या काटेकोर गणिताने चालत नाही, पण अंदाज बराच जवळ जातो.

या हिशेबात खरी गंमत पुढे आहे. शर्यतीत सोडियम १३ अंकांनी उतरले. त्यातले आठ अंक केवळ पाणी वाढल्यामुळे, आणि पाच मीठ गेल्यामुळे. म्हणजे मोठा वाटा पाण्याचा. याच बाईंनी तेवढाच घाम गाळला असता, पण पाच लिटरऐवजी तीन लिटर पाणी प्यायले असते, तेही साधेच, तर सोडियम १३७ राहिले असते. अगदी ठीक. मीठ तेवढेच गेले असते, पण थोडे पाणीही गेले असते, आणि प्रमाण टिकले असते. घामात मीठ असते खरे, पण रक्तापेक्षा कितीतरी कमी. म्हणून नुसता घाम गेला आणि काहीच प्यायले नाही, तर रक्तातले सोडियम उलट वाढते.

बाईंचा पुढचा प्रश्नही ठरलेला होता. "मग मी साध्या पाण्याऐवजी ते खेळाडूंचं पेय घेतलं असतं तर?" त्याचेही गणित करू. अशा पेयांत साधारणपणे लिटरमागे २० च्या आसपास सोडियम असते. पाच लिटर तेच प्यायले असते, तर शर्यत संपताना सोडियम १२७ ऐवजी १३१ आले असते. थोडे बरे, पण तरीही कमीच. कारण ते पेयही रक्ताच्या मानाने पाणीच असते, फक्त थोडे खारट. म्हणून "साधे पाणी वाईट, पाकिटातले पेय चांगले" असा निष्कर्ष काढू नये. मिठाने थोडा आधार मिळतो, पण गरजेपेक्षा जास्त प्यायल्यावर मीठ वाचवत नाही.

जास्तीचे पाणी मूत्रपिंडांनी का टाकले नाही?

खुर्चीत बसलेल्या निरोगी माणसाची मूत्रपिंडे तासाला पाऊण ते एक लिटर पाणी सहज बाहेर टाकू शकतात. मग बाईंच्या शरीरात दीड लिटर अडकले कसे? याचे उत्तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत आहे. तिथून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रक्तात सुटते आणि ते मूत्रपिंडांना सांगते: पाणी धरून ठेवा. एरवी रक्त पातळ झाले की हे संप्रेरक थांबते आणि पाण्यासारखी लघवी होऊ लागते. पण दीर्घ श्रम, वेदना, मळमळ आणि मानसिक ताण या कारणांनीही ते सुटत राहते, रक्त पातळ असले तरी. शरीराच्या दृष्टीने हे संकट असते, आणि संकटात शरीर पाणी वाचवते. चाळीस किलोमीटर पळणाऱ्या माणसात ही सगळी कारणे एकत्र येतात. वर आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके मूत्रपिंडांवर या संप्रेरकाचा परिणाम वाढवू शकतात. नळ उघडा आणि मोरी तुंबलेली, अशी ती अवस्था.

त्रास शर्यतीनंतर का वाढला, हेही यातून कळते. पळताना आतड्यांचा रक्तपुरवठा कमी असतो आणि प्यायलेले थोडे पाणी तिथेच साठून राहते. थांबल्यावर ते भराभर शोषले जाते. म्हणून काही रुग्ण शेवटची रेषा हसत ओलांडतात आणि तासा-दोन तासांनी कोसळतात.

रक्त पातळ झाले की पाणी पेशींच्या आत शिरते. हाताची बोटे सुजली तर अंगठी घट्ट होते, त्याने फारसे बिघडत नाही. मेंदू मात्र कवटीच्या बंद डब्यात असतो. त्याला सुजायला जागा नाही. आधी डोकेदुखी आणि मळमळ, मग उलट्या, मग गोंधळ, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर झटके, बेशुद्धी आणि मृत्यू. काही रुग्णांच्या फुप्फुसांतही पाणी उतरते आणि धाप लागते.

हे कधी लक्षात आले?

दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची सुमारे ९० किलोमीटरची शर्यत होते. १९८१ साली तिथे एका स्त्री धावपटूला असा त्रास झाला. तिचा आणि आणखी तिघांचा अभ्यास करून डॉ. टिम नोक्स यांनी १९८५ मध्ये लिहिले की हे पाणी जास्त झाल्यामुळे घडते आहे. पण पुढची बरीच वर्षे धावपटूंना मिळणारा सल्ला उलटाच होता: तहान लागायच्या आधी प्या, पोटात मावेल तेवढे प्या.

२००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये २८ वर्षांच्या एका धावपटूचा याच कारणाने मृत्यू झाला. त्याच शर्यतीत संशोधकांनी शेवटच्या रेषेवर ४८८ जणांचे रक्त तपासले होते. त्यातल्या १३ टक्के लोकांचे सोडियम कमी निघाले आणि तिघांचे १२० किंवा त्याहूनही खाली. २००५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणाला धोका जास्त, हे त्यातून स्पष्ट दिसले: शर्यतीत ज्यांचे वजन वाढले त्यांना, आणि ज्यांना चार तासांपेक्षा जास्त लागले त्यांना. पहिल्या फळीतल्या वेगवान धावपटूला बाटल्या उचलायला वेळच नसतो आणि त्याला घामही भरपूर येतो. सावकाश पळणाऱ्याला घाम कमी, वेळ जास्त, आणि समोर पाण्याचे टेबल वारंवार. शरीरयष्टी लहान असेल तर तेवढेच पाणी जास्त पातळ करते. आपल्या लालबागच्या बाईंमध्ये हे सगळे एकत्र आले होते. २०१५ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून जो सल्ला दिला तो आजीबाईच्या तोंडी शोभावा असा साधा आहे: तहान लागेल तसे प्या.

उपचारात चूक कुठे होते?

आपल्याकडे धावपटू कोसळला की हाताला सलाईन लागते. उष्माघात किंवा खरे निर्जलीकरण असेल तर ते योग्यच आहे. पण या आजारात नेहमीचे सलाईन उपयोगी पडेलच असे नाही, उलट नुकसानही करू शकते. व्हॅसोप्रेसिन अजून जोरात असेल, तर मूत्रपिंडे त्या सलाईनमधले मीठ थोड्याशा दाट लघवीतून बाहेर टाकतात आणि पाणी तेवढे मागे ठेवतात. ओआरएसचेही तसेच. जुलाब झालेल्याला ते अमृत आहे, पण त्यात सोडियम लिटरमागे ७५, आणि आपल्या रुग्णाच्या रक्तात १२५. म्हणजे या अवस्थेत ते रक्त आणखी पातळच करणार.

गोंधळ, झटके किंवा बेशुद्धी असेल, तर उपचार म्हणजे तीन टक्क्यांचे दाट सलाईन. १०० मिलिलिटर, साधारण दहा मिनिटांत. गरज पडली तर आणखी दोनदा. एका मात्रेत फक्त तीन ग्रॅम मीठ असते, पण ते मेंदूतले पाणी बाहेर ओढते. सोडियम चार-सहा अंकांनी वाढले तरी सूज उतरू लागते. बाईंना अशा दोन मात्रा दिल्या आणि तोंडाने पाणी बंद केले. दीड तासाने सोडियम १२८ आणि त्यांना यजमानांची ओळख पटली. संध्याकाळी भरपूर, पाण्यासारखी लघवी होऊ लागली. संप्रेरक थांबले, याची ती खूण. दुसऱ्या दिवशी सकाळी सोडियम १३६.

एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. सोडियम इतके भरभर वाढवणे सुरक्षित आहे, कारण ते काही तासांपूर्वीच उतरलेले होते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे किंवा इतर आजारांमुळे वयस्कर माणसांचे सोडियम दिवसेंदिवस हळूहळू उतरते. तिथे घाईने वाढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून हा उपचार रुग्णालयातच, रक्त तपासत करायचा. आणि घरी चमचाभर मीठ चारायचे, असाही अर्थ यातून काढू नये.

आपले पाणी आपणच मोजा

बाईंना घरी सोडताना एक गृहपाठ दिला. सरावाच्या दिवशी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करायचे. शर्यतीच्या वेगाने एक तास पळायचे. घाम पुसून पुन्हा वजन करायचे. वजन ५२ वरून ५१.६ झाले आणि वाटेत २०० मिलिलिटर प्यायले असेल, तर ताशी घाम ६०० मिलिलिटर. एक किलो म्हणजे एक लिटर धरायचे. जानेवारीच्या पहाटेचा आकडा वेगळा आणि मेच्या सकाळचा वेगळा, म्हणून हे दोन-तीनदा करावे. हा आकडा म्हणजे प्यायचे उद्दिष्ट नाही. ती वरची मर्यादा आहे, तिच्यापुढे जायचे नाही. तिच्या आत किती प्यायचे ते तहानेला ठरवू द्यावे.

शर्यतीनंतर वजन एक-दोन टक्क्यांनी कमी झाले, तर घाबरू नये. बाईंच्या बाबतीत ते अर्धा ते एक किलो. ते कमी व्हायलाच हवे, कारण पळताना शरीरातले इंधनही जळते. वजन आहे तेवढेच राहिले, तरी पाणी थोडे जास्त झाले असे समजावे. वजन वाढले, तर ती धोक्याची घंटा. मग लघवी साफ होईपर्यंत पाणी थांबवावे आणि खारट काहीतरी खावे. शर्यतीच्या दिवशी वेदनाशामक गोळी टाळावी.

याचा अर्थ पाणी पिऊ नये, असा मुळीच नाही. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापते, आणि उष्माघातही जीव घेतो. तोंड कोरडे, तीव्र तहान, उभे राहिल्यावर चक्कर आणि कमी झालेले वजन, हे पाणी कमी झाल्याचे चित्र. तहान नाही, पोट पाण्याने डचमळते आहे, बोटे सुजली आहेत, डोके दुखते आहे, उलट्या होताहेत, आणि वजन वाढले आहे, हे पाणी जास्त झाल्याचे. पण लक्षणे एकमेकांत मिसळतात, म्हणून बोलण्यात गोंधळ दिसला, झटका आला, किंवा उलट्या थांबत नसल्या, तर घरी अंदाज बांधत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे. कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर डॉक्टरांना चार गोष्टी आधी सांगाव्यात: किती तास पळाले, किती पाणी प्यायले, कोणती गोळी घेतली, आणि शेवटची लघवी कधी झाली. आणि सलाईन लावण्याआधी विचारावे, "सोडियम तपासलं का?"